खुनी सापडतो आणि सुटतो: रहस्यकादंबरीचा साचा मोडून समाजाबद्दल कसं लिहावं

१९२८ साली अमेरिकेत एस. एस. व्हॅन डाइन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने रहस्यकथेचे वीस नियम प्रसिद्ध केले. बाराव्या नियमात तो म्हणतो, खून कितीही पडोत, गुन्हेगार एकच असावा. तेराव्यात म्हणतो, गुप्त संघटना आणि माफिया यांना रहस्यकथेत जागा नाही. एकोणिसाव्यात म्हणतो, खुनामागचं कारण खासगी असावं, राजकारणाचे डावपेच दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांत शोभतात. त्याचं म्हणणं खेळापुरतं रास्त आहे. खुन्यामागे अख्खी टोळी उभी राहिली, तर वाचकाने अंदाज बांधायचा तरी कशाच्या जोरावर?

पण या तीन नियमांचा एकत्र परिणाम पाहा. गुन्हा कायम एका माणसाच्या मनातून उगवतो. तो माणूस पकडला की गाव पुन्हा स्वच्छ. गावाने काय पाहिलं, कोण गप्प बसलं, त्या गप्प बसण्याचा फायदा कुणाला झाला, हे विचारायची वेळच येत नाही.

सिसिली बेटावरच्या राकालमुतो गावात जन्मलेल्या लिओनार्दो शाशाने १९६१ साली एक छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या इटालियन नावाचा अर्थ ‘घुबडाचा दिवस’. तिने नेमके हे तीन नियम मोडले आणि बाकीचे बरेचसे पाळले. साचा मोडून सामाजिक म्हणणं कसं मांडायचं हे शिकायला मला याहून चांगला नमुना माहीत नाही, म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्याच आधाराने सांगतो. त्यात तिचा शेवटही सांगावा लागेल.

पहिली पायरी: कोणता नियम मोडायचा ते आधी ठरवा

सगळे नियम एकदम मोडले की रहस्यकथा उरत नाही, विस्कळीत सामाजिक कादंबरी उरते. तुमचं म्हणणं एका वाक्यात लिहा आणि साच्यातला कोणता संकेत ते झाकतो ते शोधा. शाशाचं म्हणणं असं होतं: माफिया म्हणजे दंतकथा नव्हे, ती सत्तेशी जोडलेली व्यवस्था आहे. त्या काळी इटलीत मोठ्या पदांवरची माणसंसुद्धा ‘माफिया नावाचं काही नसतंच’ असं बोलत होती. त्यामुळे ‘गुन्हेगार एकच’, ‘माफियाला जागा नाही’ आणि ‘कारण खासगीच’ हे तीन संकेत त्याच्या म्हणण्याच्या आड येत होते. तेच त्याने मोडले. पुरावा वाचकासमोर ठेवणं, तपास तर्काने पुढे नेणं, धागे एकमेकांत गुंफणं, यांना त्याने हात लावला नाही.

दुसरी पायरी: साक्षीदारापासून सुरुवात करा

नेहमीच्या रहस्यकथेत प्रेत सापडतं आणि गुप्तहेर येतो. साक्षीदार असतात ते माहिती पुरवायला, फार तर एखादा खोटं बोलतो. शाशाच्या पहिल्याच प्रसंगात पहाटे चौकातून बस सुटते आहे. गडद सूट घातलेला एक माणूस धावत येतो, फुटबोर्डाकडे झेपावतो आणि दोन गोळ्या सुटतात. पोलीस कामाला लागेपर्यंत उतारू एकेक करून पसार होतात. ड्रायव्हर आणि कंडक्टर यांना बसमध्ये कोण बसलं होतं ते आठवत नाही. बसशेजारी हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले काप विकणारा फेरीवाला उभा होता. त्याला शोधून आणतात, तेव्हा तो कुतूहलाने विचारतो, ‘का? गोळीबार झाला का?’

हा एक प्रश्न कादंबरीचा खरा पाया आहे. खून कुणी केला याआधी वाचकाच्या मनात दुसरा प्रश्न रुजतो: एवढ्या लोकांनी पाहिलं, तरी कुणीच का पाहिलं नाही? तुमच्या पहिल्या प्रकरणात असा प्रश्न उभा राहिला नाही, तर पुढे कितीही भाष्य केलंत तरी ते वरून चिकटवलेलं वाटेल.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. गप्प बसणाऱ्यांना भित्रे किंवा दुष्ट ठरवून टाकतात. प्रत्येक गप्प माणसाच्या गप्पपणाची किंमत तुम्हाला ठाऊक हवी: तो बोलला तर उद्या त्याचं नेमकं काय जाईल? ते पानावर लिहा अगर नका लिहू, पण वहीत लिहून ठेवा.

तिसरी पायरी: गावाला आवडणारं खोटं उत्तर तयार करा

जुन्या साच्यात खोटा माग असतो तो वाचकाला चकवायला. इथे तो समाजाला सोयीचा असतो, आणि माझ्या मते या प्रकारातलं सगळ्यात कामाचं हत्यार हेच आहे.

कादंबरीत मेलेला माणूस कोलाझबेर्ना हा बांधकाम करणाऱ्या एका लहान सहकारी संस्थेचा प्रमुख. त्याने ‘संरक्षणा’चे पैसे द्यायला नकार दिला होता. त्याच पहाटे कामावर निघालेल्या निकोलोझी नावाच्या झाडं छाटणाऱ्या माणसाला पळणारा खुनी दिसला आणि मग तोही गायब झाला. तपास करणारा कॅप्टन बेल्लोदी उत्तरेकडच्या पार्मा शहरातला, फॅसिस्टांविरुद्ध लढलेला, कायद्यावर मनापासून विश्वास ठेवणारा अधिकारी. पण गावात आणि वरच्या वर्तुळात दुसरीच गोष्ट पसरते: निकोलोझीच्या बायकोचं बाहेर प्रकरण होतं, त्यातून हे झालं.

ही गोष्ट चतुर का आहे ते पाहा. ती व्हॅन डाइनच्या एकोणिसाव्या नियमात चपखल बसते. खासगी कारण, एक गुन्हेगार, भानगड मिटली. म्हणजे साच्यातलं ‘योग्य’ उत्तर हेच इथे लपवाछपवीचं साधन होतं. रहस्यकथा वाचून वाचून आपल्याला ज्या उत्तराची सवय लागली, तेच उत्तर सत्ताधाऱ्यांना हवं असतं, हे वाचकाच्या लक्षात आलं की वेगळं भाष्य लागत नाही.

तुमचं खोटं उत्तर जमलं की नाही, याची एक खूण आहे. हस्तलिखित एखाद्या मित्राला अर्ध्यापर्यंत वाचायला द्या. ‘तसंही असू शकेल की,’ असं तो म्हणाला तर जमलं. पहिल्याच झटक्यात त्याला ते बनावट वाटलं तर परत लिहा.

चौथी पायरी: खुनी लवकर सांगा, पण तपास चोख ठेवा

बेल्लोदी खुन्यापर्यंत पोचतो, आणि तर्काने पोचतो. निकोलोझीने पाहिलेल्या माणसाचं टोपणनाव त्याच्या बायकोकडून कळतं. दिबेल्ला नावाचा खबऱ्या आपला जीव जाणार हे ओळखून दोन नावं पत्राने कळवतो आणि मारला जातो. खुनी मार्किकाला बोलतं करण्यासाठी कॅप्टन त्याच्या साथीदाराचा खोटा कबुलीजबाब तयार करून वापरतो. साखळी वर चढत थेट डॉन मारियानो अरेना या बड्या असामीपर्यंत जाते. बेल्लोदीला हेही कळतं की अशा माणसाला खुनाच्या आरोपात अडकवण्यापेक्षा त्याचे बँकेतले व्यवहार तपासणं जास्त परिणामकारक ठरेल.

म्हणजे ‘कोणी केलं?’ हे कोडं पुस्तक संपण्याच्या बरंच आधी सुटतं. त्याची जागा दुसरा प्रश्न घेतो: आता हे टिकेल का? इथे शाशा एक साधी युक्ती करतो. मधूनमधून निनावी संवाद येतात. बोलणाऱ्यांची नावं नाहीत, वर्णन नाही. फक्त कळतं की ही माणसं वजनदार आहेत आणि कॅप्टनचा बंदोबस्त कसा करावा हे बोलत आहेत. वाचक हे ऐकतो, बेल्लोदी ऐकत नाही. एरवी गुप्तहेराला वाचकाहून जास्त माहीत असतं, इथे ते उलटं होतं, आणि ताण त्यातूनच येतो.

मात्र तपास ढिला ठेवलात तर सगळं कोसळेल. अधिकारी हरला तो पुरावा कच्चा होता म्हणून, असं वाटण्याची जागा वाचकाला मिळता कामा नये.

पाचवी पायरी: शेवटी अधिकाऱ्याला हरवा, वाचकाला नाही

बेल्लोदी रजेवर पार्माला असताना वर्तमानपत्रातून त्याला कळतं की प्रतिष्ठित माणसांच्या साक्षीने मार्किका घटनेच्या वेळी दुसरीकडे होता असं दाखवलं गेलं आणि खटल्याची इमारत ढासळली. डॉन मारियानो सुटतो. तरी वाचकाच्या मनात शंका उरत नाही. त्याच्याकडे पूर्ण उत्तर आहे, फक्त ते उत्तर कोर्टात चालत नाही. ‘काय ते शेवटपर्यंत कळलंच नाही’ असा धूसर शेवट करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. धूसरपणाने व्यवस्था सुटते, स्पष्टपणाने ती उघडी पडते.

आणि अधिकाऱ्याला कडवट करू नका. बेल्लोदी शेवटी सिसिलीला परत जायचं ठरवतो, तिथे डोकं फुटलं तरी चालेल म्हणून.

एक कच्चा आराखडा

हे मराठी गावात कसं उतरेल? समजा, नदीकाठच्या गावात वाळूउपशाचा पंचनामा केलेला तलाठी सकाळी रस्त्याकडेला मृत सापडतो, शेजारी त्याची मोटरसायकल. गावाची गोष्ट तयार आहे: दारू प्यायला होता, गाडी घसरली. नियमाने समोर ठेवलेला पुरावा असा: आडव्या पडलेल्या गाडीचा स्टँड खाली काढलेला आहे. चालत्या गाडीवरून घसरलेल्या माणसाच्या गाडीचा स्टँड असा नसतो. तो थांबला होता, कुणीतरी थांबवलं होतं. हे पहिल्या प्रकरणात एका ओळीत सांगा आणि पुढे जा.

समोरच्या टपरीवाल्याने काही पाहिलेलं नाही. त्याचा मुलगा वाळूच्या टिपरवर क्लीनर आहे, त्या पगारातून बहिणीच्या लग्नाचं कर्ज फिटतं आहे. गावातल्या शाळेच्या नव्या खोल्या त्याच वाळूच्या आहेत. आता गुन्हेगार एक टिपरमालक आहे, पण गुन्ह्यात गावाचा वाटा किती हे मोजायला वाचक स्वतःच लागतो. तुम्ही ‘भ्रष्ट व्यवस्था’ हे शब्द कुठेही लिहायचे नाहीत. हस्तलिखितात ते आले असतील तर खोडा आणि तिथे शाळेची खोली ठेवा.

शाशाने कादंबरीअखेरच्या टिपणात लिहिलं आहे की ही गोष्ट आखूड करायला त्याला एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पूर्ण वर्ष लागलं. दुखावल्या जाऊ शकणाऱ्या माणसांची धास्ती हे त्यामागचं कारण त्याने उघडपणे सांगितलं आहे. तुमच्याही गोष्टीतलं गाव ओळखू येण्याजोगं असेल, तर पहिल्या खर्ड्यानंतर तेवढाच वेळ काटछाटीसाठी ठेवा. नाव, नदी, तालुका बदला. स्टँड बदलू नका.