सल्ला पत्रिकेचा एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज कसा करायचा: कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचं एक उदाहरण

शेतकऱ्यांसाठीची दोन पानांची सल्ला पत्रिका समोर ठेवून ती फास्ट वाचून रेकॉर्ड केली की झाला व्हॉइस मेसेज, असं खूप जण करतात, सुरवातीला मीही तसंच करायचे. चार मिनिटांचा ऑडिओ व्हायचा आणि लोक पहिल्या अर्ध्या मिनिटात बंद करायचे. फवारणीच्या दिवसांत माणूस पहाटे निघतो, अंधार पडल्यावर घरी येतो, वाचायला वेळ नसतोच, ऐकणार तेही गाडीवर नाहीतर मोटर चालू असताना. त्यामुळे मेसेज एक मिनिटाचाच हवा. सावकाश, स्पष्ट बोललं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द जातात, म्हणजे तुमच्या हातात शंभरेक शब्द आहेत एवढं धरून चला.

उदाहरणाला कपाशीची गुलाबी बोंडअळी घेते कारण यात मजकुराची कापाकापी चुकली तर थेट औषधाचा खर्च वाढतो. पत्रिकेत साधारण अशी वाक्यं असतात:

"गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणाकरिता हेक्टरी 5 कामगंध सापळे लावावेत. सतत तीन रात्री प्रति सापळा 8 पतंग आढळल्यास अथवा 10 टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले किंवा बोंडे आढळल्यास आर्थिक नुकसान पातळी ओलांडली असे समजून शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी."

आणि याच्या आगेमागे किडीचं जीवनचक्र, शास्त्रीय नाव, निंबोळी अर्क, औषधांचा तक्ता, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या नष्ट करा असं सगळं.

पहिलं: आत्ता करायचं एकच काम शोधा

पूर्ण पत्रिका एकदा वाचा आणि पेन घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. लावावेत, मोजावेत, फोडावीत, फवारावे, नष्ट करावे. मग प्रत्येकासमोर ते काम कधी करायचं ते लिहा. सापळे लावायचे ते लागवडीनंतर साधारण दीड महिन्याने, बोंडं फोडून बघायची ती हिरवी बोंडं लागल्यावर, पऱ्हाट्या काढायच्या त्या वेचणी संपल्यावर. म्हणजे ही एक पत्रिका नाहीये, वेगवेगळ्या महिन्यांतले चार-पाच निरोप एकत्र छापलेत. येत्या दोन-तीन दिवसांत जे करायचंय तेवढंच आजच्या मेसेजमध्ये घ्यायचं, बाकीचं फेकायचं नाही, तारीख टाकून वेगळ्या कागदावर ठेवायचं, पुढचे मेसेज तिथूनच निघतात.

समजा सप्टेंबरचा मध्य आहे आणि हिरवी बोंडं लागलीत. मग आजचं काम म्हणजे बोंडं फोडून बघणं. सापळ्यातले पतंग मोजणं हेही आत्ताचंच काम आहे पण ते दुसऱ्या मेसेजला ठेवा, एका मिनिटात मोजायच्या दोन पद्धती सांगितल्या की कुठला आकडा पतंगांचा आणि कुठला बोंडांचा हा घोळ होतोच.

दुसरं: काय कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही

जीवनचक्र, शास्त्रीय नाव, "प्रादुर्भाव", "व्यवस्थापन" हे सगळं बिनधास्त काढा. कारण सांगायचंच तर एकच सांगा, जे ऐकल्यावर माणूस ते काम करेल. इथे ते कारण असं की ही अळी बोंडाच्या आत असते, शिरल्याचं भोकही बुजून जातं, त्यामुळे बाहेरून बोंड चांगलं दिसतं. हे ऐकलं की बोंड फोडायचं का ते वेगळं समजवावं लागत नाही.

हात लावायचा नाही ती गोष्ट म्हणजे अट. "10 टक्के आढळल्यास" मधलं ते "आढळल्यास". लांबी कमी करताना सगळ्यात आधी हेच गळतं कारण वाक्य त्याच्याशिवायही पूर्ण वाटतं. माझ्याकडून हे झालंय. मी मेसेजमध्ये म्हटलं होतं की बोंडअळी आलीये, बोंडं तपासा आणि फवारणी करा, आणि दुसऱ्या दिवशी एका शेतकरी काकांचा फोन आला की फवारून झालं, आता पुढे काय. मी विचारलं किती बोंडांत अळी निघाली, तर ते म्हणाले बोंडं कुठे फोडली, तुम्हीच म्हणालात ना आलीये म्हणून. त्यांचं बरोबर होतं, मेसेजमध्ये दोनदा ऐकूनही अट सापडत नव्हती. विनाकारण औषध गेलं, एक दिवस गेला, शिवाय नको तेव्हा फवारलं की मित्रकिडीही मरतात. तेव्हापासून मी अट दोन्ही बाजूंनी बोलते: एवढं असेल तर फवारा, एवढं नसेल तर फवारू नका. सात-आठ शब्द जास्त जातात, जाऊ द्या.

औषधाचं नाव आणि मात्रा मात्र मी या मेसेजमध्ये टाकत नाही. सारखी वाटणारी नावं ऐकून दुकानात भलतंच मागितलं जातं, मिली आणि ग्रॅम उलटे होतात. शिवाय पत्रिकेत मात्रा 10 लिटर पाण्याला दिलेली असते आणि पाठीवरचा पंप असतो 15 किंवा 16 लिटरचा, मग ऐकणारा 10 लिटरचंच माप पंपात टाकतो आणि औषध कमी पडतं. मात्रा सांगायचीच असेल तर वेगळा मेसेज करा, पंपाला किती ते हिशोब करून सांगा (10 लिटरला 20 मिली असेल तर 15 लिटरच्या पंपाला 30), आणि सोबत तेच एका ओळीत लिहूनही पाठवा. त्या मेसेजमधून हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा कापायची नाही.

तिसरं: आकडे कानाला कळतील असे करा

डोळ्याला टक्के कळतात, कानाला नाही, आणि शेतात उभं राहून तर अजिबात नाही. 10 टक्के म्हणजे विसात दोन. एकरातून वीस बोंडं फोडायची, दोन किंवा जास्तीत अळी निघाली तर पातळी ओलांडली, हे माणूस बोटांवर मोजू शकतो. हेक्टरचं एकर करा, 1 हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, त्यामुळे हेक्टरी 5 सापळे म्हणजे एकरी दोन. "दोन पॉइंट पाच" न म्हणता अडीच म्हणा, दीड म्हणा, सव्वा म्हणा. फोनवर आवाज फाटला की "आठ" आणि "साठ" सारखेच ऐकू येतात, तर अशा आकड्याला लगेच दुसऱ्या शब्दांत सांगा, "आठ, म्हणजे दहाला दोन कमी".

एका मेसेजमध्ये करायचे आकडे दोनच. आमच्या मेसेजमध्ये वीस आणि दोन. तारीख आणि फोनची वेळ वेगळी, ती लक्षात ठेवायची नसते.

चौथं: बोलायचं तसंच लिहा, मग बोला

कागदावर न लिहिता थेट बोललात तर हमखास दोन मिनिटं होतात. लिहा, पण "आढळल्यास" ऐवजी "निघाली तर", "निवडावीत" ऐवजी "तोडा". पहिल्या वाक्यात पिकाचं नाव हवंच, म्हणजे ज्याची कपाशी नाही तो सोडून देईल आणि ज्याची आहे तो थांबेल. आमचा शेवटी झालेला मेसेज हा:

"नमस्कार, कपाशीवाल्यांसाठी निरोप, आज बारा सप्टेंबर. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, बाहेरून दिसत नाही. म्हणून येत्या दोन दिवसांत एक काम करा. एका एकरातून वीस हिरवी बोंडं तोडा, सगळ्या शेतात फिरून, एका झाडाचं एकच. फोडून बघा. अळी लहान असेल तर पांढुरकी दिसते, गुलाबीच असेल असं नाही. वीसपैकी दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली तरच फवारणी. एकच निघाली किंवा निघालीच नाही, तर फवारू नका, आठवड्याने परत बघा. परत सांगते, वीस बोंडं फोडा, दोनात अळी असेल तरच फवारा. कोणतं औषध, किती, ते फवारायच्या आधी फोन करून विचारा, सकाळी आठ ते दहा."

यातलं पांढुरक्या अळीचं वाक्य पहिल्या ड्राफ्टमध्ये नव्हतं. नाव गुलाबी म्हणून लोक गुलाबीच शोधतात, पण अंड्यातून निघालेली बारीक अळी पांढुरकी असते, रंग नंतर चढतो, आणि गुलाबी दिसेपर्यंत आतलं बरंच खाऊन झालेलं असतं. पत्रिकेत हे जीवनचक्राच्या परिच्छेदात होतं, म्हणजे जो परिच्छेद आपण सरसकट काढतो त्यातच. त्यामुळे कापलेला भाग टाकून द्यायच्या आधी एकदा परत वाचा आणि एवढंच विचारा की हे माहीत नसेल तर बघणाऱ्याला चुकीचं दिसेल का. हो असेल तर ते वाक्य परत आत.

"परत सांगते" ही ओळ जागा वाचवायला काढू नका. मागे जाऊन परत ऐकणारे कमीच, आणि ऑटोमॅटिक कॉलवर तर मागे जाताच येत नाही.

पाचवं: रेकॉर्डिंग

यात फार काही नाही. पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे श्वास माइकवर आपटत नाही. आकड्याच्या आधी आणि नंतर क्षणभर थांबा. म्युझिक नको.

सहावं: पाठवायच्या आधी दोघांना ऐकवा

कपाशी करणाऱ्या दोघांना फोनच्या स्पीकरवर एकदाच ऐकवा, शक्यतो बाहेर, आवाजात. "कळलं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "तुमच्याकडे एक बोंड किडकं निघालं तर काय कराल?" असं विचारा. "फवारतो" असं उत्तर आलं तर अट पोचलेली नाही, वाक्य बदलून परत रेकॉर्ड करा. "कुठली बोंडं तोडाल?" विचारल्यावर एकीने मला सांगितलं होतं की बांधाजवळची, जाता येता तोडता येतात म्हणून, "सगळ्या शेतात फिरून" हे शब्द त्यानंतर आत आले.

आणि ज्याने पत्रिका लिहिली किंवा जो कृषी तज्ज्ञ ती जाणतो त्याला तुमचा लिहिलेला मजकूर दाखवा, ऑडिओ नाही, मजकूर, कारण वाचताना दहा टक्क्यांचं विसात दोन असंच झालंय ना हे लगेच दिसतं. तो म्हणेल हेही टाका, तेही टाका. तेव्हा तारखांचा तो वेगळा कागद पुढे करायचा आणि ती गोष्ट कोणत्या तारखेला जाणार आहे ते दाखवायचं.

पाठवल्यावर दोन दिवस येणारे फोन एका वहीत लिहून ठेवा, कोण बोललं ते नाही, काय विचारलं तेवढंच. तीन जणांनी एकच गोष्ट विचारली तर ती मेसेजमध्ये राहिली होती असं समजा. आमच्याकडे तो प्रश्न होता "फोडलेली किडकी बोंडं कुठे टाकू?" आणि पुढच्या मेसेजचं पहिलंच वाक्य तेच झालं: शेतात टाकू नका, गोळा करून अळीसकट नष्ट करा.