दोन चिठ्ठ्या, एकच गुंगी: मेडिकलच्या काउंटरवर या चुका टाळा

एका माणसाला दोन डॉक्टरांनी झोपेची, एकाच जातीची औषधं दिली की ते सगळ्यांत आधी मेडिकलमध्ये कळायला हवं, कारण दोन्ही चिठ्ठ्या फक्त तिथंच एकत्र येतात. तरीही अनेकदा ते निसटतं. कसं निसटतं ते एका रचलेल्या गोष्टीतून पाहू. माणसं काल्पनिक आहेत, औषधं आणि नियम खरे.

दुकान वसमतचं. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे 66 वर्षांच्या एक मावशी. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना झोपेसाठी अल्प्राझोलाम 0.5 मिलिग्रॅम, रात्री एक, अशी गोळी दोन वर्षांपासून चालू ठेवली आहे. ती लेक घेऊन जातो. ऑक्टोबरात छातीत धडधड व्हायला लागली म्हणून त्यांना नांदेडला हृदयरोगतज्ज्ञांना दाखवलं. तपासण्या ठीक निघाल्या. घाबरण्यामुळे होतंय म्हणून त्यांनी एस्सिटालोप्राम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5 एकत्र असलेली गोळी लिहिली, तीही रात्री एक. ही मावशींचे मालक नेतात. नांदेडला जाताना जुनी फाईल घरीच राहिली होती. झोपेची गोळी ही काही आजाराची गोळी नव्हे, अशी समजूत असल्याने तिथं ती कुणी सांगितलीही नाही.

7 डिसेंबरला मावशींचे मालक दुसरी चिठ्ठी घेऊन काउंटरवर आले. सोबत कंबरेला लावायला मलम मागितलं. पोऱ्याने सहज विचारलं, "काय झालं काका?" काका म्हणाले, "अरे, तुझी मावशी पहाटं मोरीत पडली. सकाळी उठली की चक्कर यायलीय तिला, बोलणंबी जड झालंय."

पहिली चूक: नाव वाचणं, घटक न वाचणं

दोन्ही गोळ्यांची कंपनीची नावं वेगळी, रंग वेगळा. एकीला घरात "झोपेची" म्हणतात, दुसरीला "छातीची". स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात ब्रँड असतो आणि घटक खाली बारीक टाइपात. चूक होते ती इथेच. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम ही दोन्ही बेंझोडायझेपिन गटातली औषधं आहेत. मेंदूवर दोघांचं काम एकाच जागी, एकाच पद्धतीनं होतं. त्यामुळे दोन वेगळी औषधं चालू आहेत असं म्हणण्यापेक्षा एकाच औषधाचा डोस साधारण दुप्पट झाला आहे असं म्हणणं जास्त बरोबर.

त्यातही क्लोनाझेपाम शरीरात रेंगाळतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 30 ते 40 तास लागतात. रोज रात्री एक घेतली की कालचं संपायच्या आत आजचं पडतं, आणि पहिल्या आठवड्यात साठा वाढत जातो. म्हणून गुंगी पहिल्या रात्री दिसत नाही, आठ-दहा दिवसांनी दिसते. तोवर घरचे म्हणायला लागलेले असतात की वय झालं. उतारवयात हे औषध शरीरातून जायला आणखी वेळ लागतो, आणि पहाटे लघवीला उठताना तोल जातो. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याचा धोका.

लपून बसणारा आणखी एक घटक ध्यानात ठेवावा. पोटात मुरडा येतो म्हणून दिल्या जाणाऱ्या क्लिडिनियमच्या गोळीत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. अमिट्रिप्टिलिनच्या काही जोडगोळ्यांतही असतं. तेही याच गटातलं. "पोटाची गोळी" म्हणून दिलेल्या पाकिटातून तिसरी गुंगी घरात जाऊ शकते. झोल्पिडेम या गटात बसत नाही, पण गुंगीवर गुंगी चढवायला तेही पुरेसं आहे.

दुसरी चूक: रजिस्टर फक्त तपासणीसाठी भरणं

अल्प्राझोलाम, क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-1 या कडक नियमांच्या यादीत आहेत. मार्च 2014 पासून ही औषधं देताना वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहावं लागतं, आणि ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. बहुतेक दुकानांत ते तारखेनुसार भरलं जातं आणि अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आले तरच उघडलं जातं. ही नोंद तुमच्याच उपयोगाची आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं.

क्लोनाझेपाम या यादीत नाही, पण गोष्टीतल्या दुकानात त्याचीही नोंद याच रजिस्टरात होते. पोऱ्याने रजिस्टर मागे चाळलं. 3 नोव्हेंबर, अल्प्राझोलाम 30. 9 नोव्हेंबर, क्लोनाझेपामची जोडगोळी 30. 2 डिसेंबर, पुन्हा अल्प्राझोलाम 30. पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीत मावशींचं नुसतं नाव आणि आडनाव, मधल्या नोंदीत नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव. वाचताना ही दोन माणसं वाटतात. यावर उपाय साधा आहे: नावापुढे वय आणि गल्ली किंवा गाव लिहायचं, आणि एच-1 चं औषध किंवा क्लोनाझेपाम देताना मागच्या 45 दिवसांवर एकदा नजर फिरवायची. 30 दिवस पुरत नाहीत, कारण महिन्याची गोळी नेणारा दोन-चार दिवस पुढे-मागे येतोच.

तिसरी चूक: गिऱ्हाइकावर संशय घेणं

दोन डॉक्टर आणि झोपेच्या गोळ्या म्हटलं की मनात व्यसनाचा विचार येतो. आधी हिशोब करावा. 9 नोव्हेंबरच्या रात्रीपासून 6 डिसेंबरपर्यंत 28 रात्री झाल्या. 30 गोळ्यांतल्या दोन शिल्लक असायला हव्यात. पोऱ्याने विचारल्यावर काकांनी खिशातून स्ट्रिप काढली, दोनच होत्या. अल्प्राझोलामही 30 दिवसांच्या हिशोबाने बरोबर संपली होती. म्हणजे मावशी दोन्ही डॉक्टरांचं तंतोतंत ऐकत होत्या, आणि तोच घोटाळा होता. 30 गोळ्या 18-20 दिवसांत संपत असतील, "हरवल्या" असं वारंवार सांगितलं जात असेल, तर चित्र वेगळं. तेव्हाही काउंटरवर पाच माणसांसमोर विचारपूस करू नये. बाजूला घेऊन बोलावं.

या हिशोबाचा दुसरा फायदा असा की घरात दोन दिवसांची गोळी आहे हे कळतं. आत्ताच्या आत्ता हो किंवा नाही म्हणायची गरज उरत नाही. डॉक्टरांना विचारायला वेळ मिळतो.

चौथी चूक, आणि सगळ्यांत धोक्याची: "एक बंद करा" असं सांगणं

चांगल्या मनाने होणारी ही चूक आहे. दोन वर्षं चाललेली अल्प्राझोलाम एकदम थांबवली तर झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, घाम येतो, आणि काही जणांना झटकेही येतात. क्लोनाझेपाम महिनाभरच झालं असलं तरी तेही आपल्या मनाने तोडायचं नाही. "अर्धी करून द्या" हाही सल्ला इथे चुकतो. जोडगोळी अर्धी केली की एस्सिटालोप्रामही अर्धं होतं, आणि ते कुणाला नको होतं.

शिवाय हे ठरवण्याचा हक्क पोऱ्याला नाही. फार्मसी कायद्यानुसार औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे. शेड्यूल एच-1 च्या औषधाऐवजी दुसरं देणं तर फार्मासिस्टलाही चालत नाही. पोऱ्याचं काम एवढंच: चिठ्ठी, स्ट्रिप आणि रजिस्टरची नोंद एकत्र करून फार्मासिस्टपुढे ठेवणं आणि "काका, दोन मिनिटं बसा, सर एकदा चिठ्ठी बघतील" असं सांगणं. "मावशीला डबल डोस चाललाय" हे वाक्य काउंटरवरून बोललं गेलं तर काका घरी जाऊन दोन्ही गोळ्या फेकतील.

काकांनी जाता जाता "मागच्या वेळची ती जोराची दुखण्याची गोळी" मागितली. ती ट्रामाडोलची होती. ट्रामाडोल आणि ही औषधं एकत्र आली तर श्वास मंदावू शकतो. चिठ्ठीशिवाय ते देताच येत नाही, इथे तर बिलकूल नको.

पाचवी चूक: फोन चुकीचा करणं

"डॉक्टर, तुमच्या चिठ्ठीत चूक आहे" अशी सुरुवात झाली की फोन तिथंच संपतो. आणि चूक असतेच असंही नाही. कधी डॉक्टर मुद्दाम एका औषधावरून दुसऱ्यावर नेत असतात, आणि काही दिवस दोन्ही चालतात. फिट्सच्या रुग्णाला क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम झोपेसाठी दिलेलंच नसतं. म्हणून निष्कर्ष न सांगता माहिती द्यायची. फार्मासिस्टने नांदेडला केलेला फोन असा:

"सर, वसमतहून फार्मासिस्ट बोलतोय. तुमच्या पेशंट, वय 66, एस्सिटालोप्राम-क्लोनाझेपाम 9 नोव्हेंबरपासून घेतात. त्यांना इथल्या डॉक्टरांची अल्प्राझोलाम 0.5 रात्री दोन वर्षांपासून चालू आहे, तुमच्याकडे ती नोंद नसावी. आज पहाटे पडल्या, सकाळी चक्कर येते, बोलणं जड आहे. घरात दोन गोळ्या शिल्लक आहेत. पुढे काय द्यायचं?"

यात वय, दोन्ही औषधं, डोस, किती दिवस, त्रास आणि शिल्लक हे सगळं आलं. गोष्टीतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पडल्याचं विचारलं आणि आजच गावातल्या डॉक्टरांकडे तपासून घ्यायला सांगितलं. मग जोडगोळी मोडली. एस्सिटालोप्राम 10 वेगळी, क्लोनाझेपाम 0.25 दोन आठवडे आणि मग बंद, अल्प्राझोलामला सध्या हात लावायचा नाही, ती कमी करायची तर नंतर, गावातले डॉक्टर ठरवतील. एका वेळी एकच बदल. हा त्या रुग्णापुरता निर्णय आहे, दुसऱ्याला लागू करू नये. फोनवर सांगितलेलं पुरेसं नसतं. नवी, सहीची चिठ्ठी आल्यावरच औषध द्यायचं आणि जुन्या चिठ्ठीवर पुन्हा द्यायचं नाही.

यानंतर गावातल्या डॉक्टरांनाही तेवढंच कळवायचं. हा दुसरा फोन बहुतेक वेळा राहून जातो, आणि पुढच्या महिन्यात लेक जुन्या चिठ्ठीवर सगळं जसंच्या तसं घेऊन जातो.

फोनची वाट न पाहता दवाखाना गाठायची लक्षणं काकांना त्याच दिवशी सांगावीत: हाक मारूनही जाग न येणं, श्वास संथ किंवा घोरल्यासारखा होणं, ओठ निळसर पडणं, पडताना डोक्याला मार लागणं. अशा वेळी 108 ला फोन करावा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत न्याव्यात.

शेवटी घरातला साठा. नवी चिठ्ठी लागू झाली तरी जोडगोळीच्या दोन गोळ्या डब्यात पडून राहतात, आणि धडधड वाटली की "ती छातीची गोळी" म्हणून घेतल्या जातात. त्या दुकानात आणून द्यायला सांगाव्यात. दोन्ही डॉक्टरांकडे जाताना न्यायला एका कागदावर सगळ्या औषधांची नावं घटकांसकट लिहून द्यावीत, ब्रँड कंसात. आणि रजिस्टरात 2 जानेवारीच्या आसपास पेन्सिलने खूण करून ठेवावी, कारण अल्प्राझोलामसाठी लेक तेव्हा येणार आहे.