संथ वाहतुकीत एअर-कूल्ड इंजिन तापते तेव्हा या चुका टाळा

बहुतेक एअर-कूल्ड मोटरसायकलींना पंखा नसतो. सिलिंडरच्या फिनांमधून जाणारा वारा हा गाडी पळत असल्यामुळेच मिळतो. वाहतूक रांगायला लागली की तो वारा जवळजवळ बंद होतो, आणि सिलिंडर हेड व पिस्टन यांच्यातील उष्णता उचलून क्रँककेसपर्यंत नेण्याचे बरेचसे काम तेलावर येऊन पडते. सुस्थितीतले इंजिन एवढ्यावर बराच वेळ निभावून नेते. ज्या गाडीला ते निभावत नाही, तिच्यात तेल कमी असणे, मिश्रण लीन असणे म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणे, किंवा टायमिंग रिटार्ड असणे म्हणजे ठिणगी उशिरा पडणे, यांपैकी एक दोष तरी बहुतेक वेळा सापडतो, आणि कित्येकदा दोन एकत्र सापडतात.

अडचण अशी की तिन्ही दोषांची वरवरची लक्षणे सारखीच दिसतात. गाडीची ओढ कमी होते, टॅपेटचा आवाज वाढतो, न्यूट्रल सहज पडत नाही, आणि सिग्नलला बंद पडलेले इंजिन थोडे निवल्याशिवाय परत सुरू होत नाही. त्यामुळे मूळ दोष न शोधता लक्षणावरच इलाज केला जातो आणि पुढचा घोळ तिथून सुरू होतो.

तेलाची पातळी चुकीच्या पद्धतीने पाहणे

लहान व मध्यम आकाराच्या अनेक इंजिनांत साधारण एक लिटर तेल असते. त्यातले 300 मिली कमी झाले, तर जवळजवळ एक तृतीयांश तेल गेले असे होते. उरलेल्या तेलाला तेवढीच उष्णता वाहायची असते, ते जास्त वेळा फिरते आणि त्याला निवायला कमी वेळ मिळतो. तापल्यावर ते पातळ होते आणि जे थोडे जळत होते तेही अधिक जळू लागते. तेलाच्या दिव्यावर विसंबू नये. ज्या गाड्यांना तो असतो त्यांत तो सहसा दाब दाखवतो, पातळी दाखवत नाही. तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो.

पातळी पाहताना गाडी साइड स्टँडवर असेल तर वाचन खोटे ठरते. गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, तेल खाली उतरायला काही मिनिटे द्यावीत आणि मग डिपस्टिक पुसून पाहावी. डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवायची की पूर्ण बसवून पाहायची, हे मॉडेलनुसार बदलते. मॅन्युअलमध्ये ते स्पष्ट दिलेले असते. ज्या गाड्यांमध्ये तेलाची टाकी वेगळी असते, त्या बराच काळ उभ्या राहिल्यावर टाकीतले तेल क्रँककेसमध्ये उतरते आणि पातळी कमी भासते. अशा वेळी वरून तेल ओतणे हीही चूकच आहे. गरजेपेक्षा जास्त तेल घुसळले जाऊन फेसाळते, ब्रीदरवाटे बाहेर पडते आणि उष्णता नीट वाहून नेत नाही.

इंजिन तापते म्हणून मनाने अधिक जाड तेल घालण्याची सवयही सोडावी. निर्मात्याने सांगितलेला ग्रेड योग्य पातळीपर्यंत भरणे आणि ठरलेल्या अंतराला बदलणे याने जेवढा फरक पडतो, तेवढा ग्रेड बदलून पडत नाही.

आयडल स्क्रू फिरवून आजार झाकणे

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. सिग्नलला इंजिन बंद पडते म्हणून आयडल स्क्रू अर्धा फेरा आत फिरवला जातो, गाडी बंद पडायची थांबते आणि दुरुस्ती झाली असे वाटते. पण आयडलिंग खाली का आले, हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचे उत्तर समजण्यासाठी लीन मिश्रण आणि रिटार्ड टायमिंग यांच्यातले नाते पाहावे लागते. ठिणगी पडल्यावर मिश्रण लगेच जळून जात नाही. ज्योत पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी दिली जाते. टायमिंग रिटार्ड झाले की ज्वलन उशिरा सुरू होते. मिश्रण लीन झाले की ठिणगी वेळेवर पडूनही ज्योत हळू पसरते आणि ज्वलन उशिरा संपते. दोन्ही वेळा परिणाम एकच होतो: पिस्टनवर जोर पडायला हवा तेव्हा पुरेसा पडत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा वायू नको तितके तप्त असतात. ती उष्णता व्हॉल्व्ह, पोर्ट आणि बेंड पाइप यांना मिळते, म्हणजे हेडच्या नेमक्या त्या बाजूला, जी आधीच सर्वांत गरम असते.

जोर कमी पडला की आयडलिंग आपोआप खाली येते. स्क्रू फिरवून ते वर आणणे म्हणजे थ्रॉटल थोडे उघडे ठेवणे, म्हणजेच तेवढ्याच कामासाठी अधिक पेट्रोल जाळणे. वारा नसताना उभ्या गाडीत वाढलेली ती उष्णता जायला जागा नसते. रात्री अंधारात बेंड पाइपचा हेडजवळचा भाग लालसर दिसू लागला, तर ज्वलन उशिरा होत असल्याचा संशय घ्यायला ते पुरेसे कारण आहे.

इंजिन नॉक करते म्हणून टायमिंग मुद्दाम मागे नेण्याची पद्धतही आहे, आणि तिच्यामुळे ‘रिटार्ड म्हणजे सुरक्षित’ असा समज झालेला दिसतो. नॉकिंग त्याने थांबते हे खरे. परंतु गरजेपेक्षा जास्त मागे नेलेले इंजिन आवाज न करता तापते, आणि आवाज नसल्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

मिश्रणासाठी भलताच जेट बदलणे

रांगत्या वाहतुकीत थ्रॉटल जेमतेम उघडलेले असते आणि इंजिन जवळजवळ पूर्णपणे कार्ब्युरेटरच्या पायलट सर्किटवर, म्हणजे आयडलिंगचे पेट्रोल देणाऱ्या मार्गावर चालते. त्यामुळे मेन जेट मोठा बसवून वाहतुकीतल्या तापण्यात काहीच फरक पडत नाही. मोकळ्या रस्त्यावर जोरात चालवून पाहिलेला प्लगचा रंगही पायलट सर्किटबद्दल फारसे सांगत नाही. जोरात चालवताना प्लग छान तपकिरी आणि रांगताना पायलट सर्किट लीन, असे सहज घडू शकते.

लीन आहे की नाही हे पाहण्याची सोपी परीक्षा चोकची आहे. इंजिन पूर्ण गरम असताना, गाडी आयडलिंगवर ठेवून, चोक हळूहळू थोडा लावावा. इंजिनाचा वेग वाढला आणि चाल गुळगुळीत झाली, तर त्याला पेट्रोल कमी पडत होते. इंजिन लगेच जड होऊन गुदमरले, तर मिश्रण लीन नाही आणि शोध टायमिंगकडे वळवावा. थ्रॉटल सोडल्यावर वेग लगेच खाली न येता वरच रेंगाळणे हीही लीनची खूण आहे. सायलेन्सरमध्ये होणारे फटफट आवाज मात्र एकटे पुरावा मानू नयेत, कारण बेंड पाइपच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल तरी ते येतात.

लीन ठरल्यावर आधी हवेची गळती पाहावी. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधले रबर कडक होऊन चिरते, त्याचा क्लॅम्प सैल पडतो. इंजिन नुकतेच सुरू केलेले, गार असताना त्या सांध्यावर साधे पाणी फवारावे. आयडलिंग बदलले तर गळती तिथेच आहे. यासाठी कार्ब क्लीनर फवारणारे अनेक आहेत, पण तो ज्वालाग्राही असतो आणि बेंड पाइप वीतभर अंतरावर असतो. गळती नसेल तर पायलट जेट साफ करावा आणि त्यानंतरच मिश्रणाच्या स्क्रूला हात लावावा. तो स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा असतो आणि आत फिरवल्यावर मिश्रण रिच होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा असतो आणि बाहेर फिरवल्यावर रिच होते. हे न पाहता फिरवणारा माणूस लीन इंजिन आणखी लीन करून ठेवतो.

एक उदाहरण

350 सीसीची, एका सिलिंडरची, उघडताच ठिणगी पाडणारे पॉइंट असलेली जुनी मोटरसायकल घेऊ. पंधरा-वीस मिनिटे रांगल्यावर ती सिग्नलला बंद पडते. आयडल स्क्रू दोनदा आत फिरवून झाला आहे, जाड तेलही घालून झाले आहे, आणि बेंड पाइप हेडजवळ निळा पडला आहे. तेल नीट पाहिल्यावर ते खालच्या खुणेच्याही खाली आढळते. योग्य ग्रेडचे तेल पातळीपर्यंत भरल्यावर तक्रार थोडी कमी होते, पण जात नाही. गरम इंजिनावर चोकची परीक्षा घेतली असता इंजिन गुदमरते, म्हणजे कार्ब्युरेटर उघडण्याचे कारण नाही.

आता टायमिंग लाइट लावला जातो. आयडलिंगला दिव्याच्या झोतात ठिणगीची जागा दाखवणारी, फिरणारी ‘एफ’ खूण स्थिर खुणेशी जुळायला हवी. इथे ती पुढे निघून गेलेली दिसते आणि पिस्टन वर पोहोचल्याची ‘टी’ खूण जवळ आलेली दिसते. ठिणगी उशिरा पडते आहे याचा हा थेट पुरावा. झाकण काढून फीलर गेजने पाहिल्यावर पॉइंटची फट 0.20 मिलिमीटर भरते, जिथे मॅन्युअल 0.35 ते 0.40 सांगते. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजली आहे, कारण तिला वंगण देणारा फेल्टचा तुकडा कोरडा पडला होता. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग हळूहळू, चालवणाऱ्याच्या लक्षातही न येता, मागे सरकत जाते.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी पॉइंटची फट लावावी आणि मग टायमिंग, कारण फट बदलली की टायमिंग बदलते. उलट क्रमाने केले तर लावलेले टायमिंग पुन्हा बिघडते. फेल्टला ग्रीसचा हलका हात द्यावा, पॉइंटच्या तोंडावर मात्र वंगण जाऊ देऊ नये. त्यानंतर थ्रॉटल वाढवून ॲडव्हान्सची, म्हणजे वेगाबरोबर ठिणगी आधी पडू लागल्याची खूण जागेवर येते का, हेही पाहावे. ॲडव्हान्सची वजने गंजून अडकलेली असतील तर आयडलिंगला सारे ठीक दिसते आणि वेग वाढल्यावर टायमिंग मागेच राहते. या गाडीत टायमिंग लावताच आयडलिंग स्वतःहून इतके वर जाते की आत फिरवलेला स्क्रू बाहेर काढावा लागतो. तो बाहेर काढावा लागणे, हीच मूळ दोष सापडल्याची सर्वांत भरवशाची खूण आहे.

सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीत पॉइंट नसतात, तरी टायमिंग बिघडू शकतच नाही असे समजू नये. मॅग्नेटची चावी कातरली गेली किंवा पिकअप कॉइलची प्लेट सरकली, तरी ते बदलते आणि टायमिंग लाइटखाली दिसते. फ्युएल इंजेक्शनमध्ये फिरवायला स्क्रू नसतो, पण इनटेकच्या रबरातून होणारी हवेची गळती तिथेही तपासावीच लागते.

तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. फिना आणि हेड एका बाजूने एकदम आकुंचन पावतात, त्यामुळे हेड वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो. मिनिटभराहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे आणि क्लच अर्धा दाबून रांगत राहण्याऐवजी पुढे जागा झाल्यावरच गाडी हलवावी. तेल, मिश्रण आणि टायमिंग तिन्ही बरोबर असूनही गाडी तापत असेल, तर ती मुख्य स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. अडकून राहिलेला ब्रेक इंजिनावर सतत ओझे टाकतो, आणि तो दोष हेड खोलून कधीच सापडत नाही.