तिमाहीचा इन्सेंटिव्ह मिळणार नाही, हे टीमला कसे सांगावे

जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा आढावा ऑक्टोबरमध्ये घ्यावा लागतो आणि समोर दिवाळी असते. लक्ष्य हुकलेले असेल, तर इन्सेंटिव्हचे पैसे येणार नाहीत ही बातमी द्यायला यापेक्षा वाईट वेळ नाही. मी मरोळच्या एका ऑफिसात एसी-फ्रिज दुरुस्तीच्या तक्रारी हाताळणारी अठरा जणांची टीम सांभाळत होते, तेव्हा हे मला करावे लागले. ते कसे केले, ते त्याच क्रमाने सांगते.

आधी हिशेब मांडा

आमचे गणित असे होते : तक्रार ४८ तासांत सुटली पाहिजे. तिमाहीत किमान ८५ टक्के तक्रारी वेळेत सुटल्या तरच इन्सेंटिव्ह. आम्ही ८१ टक्क्यांवर थांबलो होतो. तिमाहीत सुमारे ६,००० तक्रारी आल्या आणि त्यांतल्या १,१४० उशिरा सुटल्या.

"यंदा पाऊस फार झाला, गणपतीत माणसे कमी होती" असे सांगून मोकळे होणे सोपे होते. टीमलाही ते पटले असते. पण मी त्या १,१४० तक्रारींची कारणे वेगळी काढली. सुटा भाग गोदामातून न आल्यामुळे ६१०. पाऊस, बंद रस्ते, घर बंद असणे अशा कारणांनी २००. उरलेल्या ३३० तक्रारींत आम्ही मॉडेल नंबर चुकीचा लिहून घेतला होता. तंत्रज्ञ चुकीचा भाग घेऊन गेला आणि हात हलवत परत आला.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारायचा : जे आपल्या हातात होते तेवढेच नीट झाले असते, तर लक्ष्य गाठले असते का? ८५ टक्क्यांसाठी आम्हाला आणखी २४० तक्रारी वेळेत सोडवायला हव्या होत्या. आमच्या चुकीच्या ३३० होत्या. म्हणजे पाऊस आणि गोदाम तसेच राहूनही इन्सेंटिव्ह मिळू शकला असता. हे बघून मला रात्रभर झोप लागली नाही, कारण कॉल लवकर संपावेत म्हणून ग्राहकाकडून मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो मागवणे जुलैमध्ये मीच बंद केले होते.

उत्तर उलट आले असते, म्हणजे आपल्या चुका शून्य करूनही लक्ष्य गाठता आले नसते, तर तेही तसेच सांगायचे. मग पुढची पायरी टीमची नसते. लक्ष्य किंवा गोदामाची व्यवस्था बदलून घ्यायला मॅनेजरने वर भांडायचे असते.

मग निर्णय पक्का आहे का, ते विचारा

फायनान्स आणि एचआरकडून तीन गोष्टींची उत्तरे ईमेलवर घ्या. इन्सेंटिव्ह पूर्ण जाणार की काही भाग मिळणार? निर्णय अंतिम आहे की फेरविचार चालू आहे? पुढच्या तिमाहीत याची भरपाई होणार का? तिसऱ्याचे उत्तर बहुधा "नाही" असते. तसे असेल, तर "पुढच्या वेळी भरून काढू" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. माणसे ते महिनोन् महिने लक्षात ठेवतात.

दिवाळीचा बोनस ही चौथी गोष्ट. पात्र कर्मचाऱ्यांना कायद्याने मिळणारा किमान ८.३३ टक्के वार्षिक बोनस हा निराळा हिशेब आहे, तिमाहीचे लक्ष्य चुकले म्हणून तो बुडत नाही. पण बोलताना लोक दोन्हीला बोनसच म्हणतात. त्यामुळे बोनस कोणाला आणि कोणत्या तारखेला मिळणार, हेही विचारून ठेवा.

वेळ ठरवा

शिफ्ट सुटताना सांगू नका. लोकांचे लक्ष ट्रेनकडे असते, प्रश्न मनातच राहतात आणि मग डब्यात एकमेकांना विचारले जातात. आमची दुपारची शिफ्ट दोनला सुरू व्हायची आणि सकाळची तीनला सुटायची. सगळे एकत्र असण्याचा तो एकच तास. निर्णय कळल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन वाजता अर्ध्या तासासाठी दुसऱ्या टीमला फोन घ्यायला सांगितले आणि अठराही जणांना एका खोलीत बोलावले. पुढचे दोन दिवस मी ऑफिसात असणार आहे, याचीही खात्री केली.

पहिले वाक्य लिहून न्या

माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात "तुम्ही सगळ्यांनी खूप मेहनत घेतली" अशी होती. ते मी खोडले. असे कौतुक सुरू झाले की ऐकणारा "पण" कधी येतो याचीच वाट बघतो. शेवटी मी म्हणाले ते असे :

"जुलै ते सप्टेंबरचा इन्सेंटिव्ह आपल्याला मिळणार नाही. आपण ८१ टक्क्यांवर राहिलो, ८५ हवे होते. निर्णय अंतिम आहे. कायद्याचा दिवाळी बोनस वेगळा आहे, तो पगाराबरोबर येणार आहे."

एवढे बोलून थांबले. कारणे लगेच सांगायला लागलो तर ती कोणाच्या कानात शिरत नाहीत. लोक मनातल्या मनात घरखर्चाचा हिशेब करत असतात. अर्धा मिनिट शांतता राहिली. मग ३३०चा आकडा फळ्यावर लिहिला आणि फोटो बंद करण्याचा निर्णय माझा होता, हे सांगितले. मॉडेल नंबर कोणी चुकीचे लिहिले त्यांची नावे माझ्याकडे होती. ती तिथे काढायची नाहीत. कोणाची पद्धत सुधारायची असेल तर ते नंतर, एकट्याला बसवून.

पुढचे पाऊल एकच द्या

आमचे असे ठरले : दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपासून ग्राहकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवल्याशिवाय तंत्रज्ञ पाठवायचा नाही. ज्यांना फोटो जमत नाही त्यांच्याकडून नंबर दोनदा वाचून घ्यायचा. याने कॉल साधारण मिनिटभर लांबतो, म्हणून कॉलची मर्यादा चार मिनिटांवरून पाच केली. त्याला वरिष्ठांची मंजुरी मी मीटिंगच्या आधीच आणली होती. नवे काम देताना जुन्यातले काही कमी केले नाही, तर दोन आठवड्यांत लोक जुन्या पद्धतीवर येतात.

मोजमापही साधे ठेवले. तिमाहीच्या तेरा आठवड्यांत ३३० म्हणजे आठवड्याला सुमारे २५ चुकीच्या फेऱ्या. त्या दहाच्या खाली आणायच्या. दर सोमवारी आकडा फळ्यावर.

प्रश्नांना उत्तरे

"मॅडम, गोदामाच्या चुकीचं काय? ते ६१० तर आपले नव्हते," दुपारच्या शिफ्टमधला एक मुलगा म्हणाला. प्रश्न रास्त होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हते. "गोदामाच्या प्रमुखांशी माझी बुधवारी बैठक आहे, गुरुवारी दोन वाजता इथेच सांगते," एवढेच म्हणाले. "बघते" म्हणून सोडले असते तर विषय तिथेच मेला असता.

मीटिंग संपल्यावर तासाभरात तेच चार मुद्दे ग्रुपवर लिहून टाका : काय मिळणार नाही, का, काय करायचे, पुढे कधी बोलायचे. रजेवर असलेल्यांना आधी फोन करा. ग्रुपवर वाचून कळणे त्यांना लागते.

गुरुवारी दोनला मी गेले तेव्हा सांगण्यासारखे थोडेच होते. सर्वाधिक लागणाऱ्या भागांचा साठा वाढवायला गोदाम तयार झाले होते, बाकी काही नाही. तेवढेच सांगितले. पहिल्या सोमवारी फळ्यावर २१ आला, दुसऱ्या सोमवारी २२. तेव्हा कॉल ऐकून पाहिले, तर फोटो येत होते पण अंधुक, आणि घाईत तसेच पुढे जात होते. "आकडे वाचता आले नाहीत तर पुन्हा मागवा" ही ओळ स्क्रिप्टमध्ये घातली. तिसऱ्या सोमवारी १४.