व्हिसाची यादी मागायच्या आधी

"व्हिसाला काय काय कागद लागतात, तेवढी यादी पाठवा." कोथरूडच्या एका निवृत्त काकांचा निरोप एवढाच होता. गेली कैक वर्षं मी लोकांच्या व्हिसाचे अर्ज भरून देतोय, त्यामुळे यादी पाठवायच्या आधी फोन लावला. पासपोर्ट कुठल्या देशाचा, जायचं कुठे, कशासाठी आणि किती दिवस, एवढं विचारलं.

आधी सगळ्यांचे पासपोर्ट कपाटातून काढून टेबलावर ठेवा. काका म्हणाले, "आम्ही सगळे भारतीयच." टेबलावर ठेवल्यावर कळलं की बरोबर येणाऱ्या मुलीचा पासपोर्ट अमेरिकेचा आहे. त्यांना जायचं होतं जर्मनीला, आणि अशा पासपोर्टला तिथे नव्वद दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही. तिला काळजी घ्यायची ती पुण्याला परत येण्याची, म्हणजे परदेशी पासपोर्टवर व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं ओसीआय कार्ड पिशवीत हवं. काका-काकूंना मात्र शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागणार. एकाच घरातून, एकाच विमानाने निघालेल्या तिघांची यादी अशी वेगळी होते.

पासपोर्ट हातात आहेच, तर तारखाही बघून घ्या. शेंगेनसाठी तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालावा आणि त्यात दोन पानं तरी कोरी असावीत.

जायचं कुठे, याला काकांचं उत्तर होतं "युरोप". खोदून विचारल्यावर निघालं म्युनिकला मुलाकडे, मधे चार दिवस पॅरिस आणि जमलं तर लंडन. म्युनिक आणि पॅरिस एकाच शेंगेन व्हिसात बसतात. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे इथे जर्मनीकडे. लंडन त्यात नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, शिवाय लंडनहून पुन्हा म्युनिकला यायचं तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. "जमलं तर" हे दोन शब्द असे महाग पडतात.

कशासाठी जाताय, यावर कागदांचा गठ्ठा ठरतो. नुसतं फिरायला जाणाऱ्याने हॉटेलांचं बुकिंग दाखवायचं. मुलाकडे राहणार असाल तर मुलाचं निमंत्रण, त्याच्या पासपोर्टची आणि तिथल्या निवास परवान्याची प्रत आणि नातं दाखवणारा कागद, उदाहरणार्थ त्याचा जन्मदाखला, जोडायचा. खर्च मुलगा करणार असेल, तर त्याने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून अधिकृत हमीपत्र काढून मूळ प्रत पुण्याला पाठवायची. त्या हमीपत्राचं जर्मन नाव एका दमात म्हणता येत नाही, पण मुलाला बरोबर कळतं. हा कागद आधी मागवा, कारण तिकडे भेटीची वेळ मिळायलाच दिवस जातात. खर्च स्वतः करणार असाल, तर बँकेची स्टेटमेंटं आणि पेन्शनचे कागद पुढे येतात.

सगळ्यात जास्त घोळ दिवसांचा होतो. काका म्हणाले, "तीन महिने, १ एप्रिल ते ३० जून." बोटांवर मोजा: एप्रिलचे तीस, मेचे एकतीस, जूनचे तीस, झाले एक्क्याण्णव. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि पोचल्याचा व निघाल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. म्हणजे २९ जूनला बाहेर पडायला हवं. मी तसं सांगितलं, तेव्हा काकू मागून म्हणाल्या, "अहो, फेब्रुवारीतल्या स्वित्झर्लंडच्या टूरचं सांगा की!" ती टूर दहा दिवसांची होती. स्वित्झर्लंडही शेंगेनमध्येच येतं. २९ जूनपासून मागे १८० दिवस मोजले तर १ जानेवारीपर्यंत जातात, म्हणजे ते दहा दिवस हिशोबात आलेच. उरले ऐंशी. १ एप्रिलपासून ऐंशीवा दिवस १९ जूनला येतो. नवा व्हिसा मिळाला म्हणून जुने दिवस पुसले जात नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. आधीच्या प्रवासांच्या तारखा बघून प्रत्येकाचा हिशोब वेगळा मांडा. मुलीला व्हिसा लागत नसला तरी नव्वदचा नियम तिलाही आहे, फक्त ती फेब्रुवारीत गेली नव्हती.

तारखा पक्क्या झाल्यावरच विमा घ्या. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत आणि राहण्याच्या प्रत्येक दिवसाला लागू असलेलं, असा तो हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधराव्या दिवसावर विसंबू नका, सुट्ट्यांच्या आधी भेटीच्या वेळा भरून गेलेल्या असतात.

शेवटी लंडन पुढच्या वर्षावर गेलं आणि परतीची तारीख १९ जून ठरली. त्यानंतर मी यादी पाठवली. काका-काकूंची पानभर झाली, मुलीची तीन ओळींची: पासपोर्ट, ओसीआय कार्ड, परतीचं तिकीट.