कालचा सहकारी आज वरिष्ठ झाल्यावर अभिनंदन कसे करावे?

बरोबरीने काम करणारा सहकारी थेट आपला वरिष्ठ झाला की अभिनंदनाचा मजकूर बहुधा एकाच ठिकाणी अडतो: ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? वर्षानुवर्षे अरे-तुरे करणाऱ्याने एका रात्रीत ‘आपले हार्दिक अभिनंदन, सर’ असे लिहिले, तर त्यात आदरापेक्षा टोमणाच अधिक ऐकू येतो. म्हणून खासगी संदेशात नेहमीचे ‘तू’ तसेच ठेवावे आणि आदर मजकुरातून दाखवावा, म्हणजे त्याचे एखादे नेमके काम आठवून लिहावे. उदाहरणार्थ: ‘मनापासून अभिनंदन. ऐन मुदतीच्या तोंडावर अहवालातील आकडे चुकले, तेव्हा कोणावरही दोष न ढकलता तू ते जुळवून दिलेस, हे माझ्या लक्षात आहे. कामाची माहिती तुला कशी आणि किती वेळा हवी, ते सवडीने सांग.’ यातले शेवटचे वाक्य गाळू नये, कारण नव्या नात्याचा अवघड विषय तुम्हीच काढल्यामुळे समोरच्याचा संकोच वाचतो.

कार्यालयाच्या ग्रुपवर मात्र एक ओळ पुरे. ‘नव्या जबाबदारीबद्दल अभिनंदन आणि शुभेच्छा’ या रचनेत सर्वनामच लागत नाही, त्यामुळे ‘तू-तुम्ही’चा प्रश्नही उरत नाही. ‘आता आमच्याकडे लक्ष असू द्या’ हा विनोद टाळावा. रजा किंवा पगारवाढीचा विषय तर त्या संदेशात मुळीच नको. त्या पदासाठी तुम्हीही इच्छुक होता हे त्याला ठाऊक असेल, तर खासगी संदेशही आखूडच ठेवावा. उसना उत्साह लगेच कळतो.