कचरा डेपोवरचा मिथेन मोजताना या चुका टाळा

मीटर घेऊन डेपोवर फिरलं, एका भेगेपाशी ८०० पीपीएम दिसलं आणि अहवालात ‘उत्सर्जन ८०० पीपीएम’ लिहिलं. ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. पीपीएम म्हणजे त्या क्षणी नळीच्या टोकाशी हवेत मिथेन किती आहे, एवढंच. तासाला किती किलो बाहेर पडतो, ते त्यावरून कळत नाही. वारा पडला की तीच भेग मोठी भासते, वारा सुटला की गायब होते. अशी फेरी गळती शोधायला उत्तम, हिशोबाला निरुपयोगी.

अख्ख्या डेपोचं उत्सर्जन हवं असेल, तर ढिगावरून ॲसिटिलीनसारखा वायू मोजून, ठरावीक वेगाने सोडतात. मग वाऱ्याच्या दिशेला दूरवर दोन्ही वायू एकत्र मोजतात. वाटेत दोन्ही सारखेच विरळ होतात, त्यामुळे सोडलेल्या वायूच्या वेगावरून मिथेनचा वेग काढता येतो. पण हवेचा दाब उतरत असताना ढिगातून गॅस जास्त सुटतो, दाब चढताना कमी. एका दिवसाचा आकडा ३६५ने गुणून वर्षाचं उत्सर्जन काढू नका. दाब उतरतानाचे आणि चढतानाचे, दोन्ही दिवस घ्या आणि दाबाची नोंद ठेवा.

दुसरी गडबड कागदावर होते. हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीच्या ठोकळ आकड्यांनुसार १ टन अन्नकचऱ्यात १५० किलो कुजण्याजोगा कार्बन असतो. त्यातला निम्मा कुजतो, गॅसमध्ये निम्मा मिथेन असतो, आणि कार्बनचं वजन मिथेनमध्ये नेण्यासाठी १६/१२ने गुणलं की ५० किलो येतात. बरेच जण इथेच थांबतात. हा आकडा नीट झाकलेल्या, दाबलेल्या भरावाचा. उघड्या ढिगात काही कचऱ्याला हवा लागते, म्हणून ५ मीटर किंवा त्याहून खोल ढिगासाठी ०.८ने गुणायचं, म्हणजे ४० किलो. उथळ ढिगासाठी ०.४, म्हणजे २० किलो.

हे ४० किलो एकदम निघत नाहीत, पण फार थांबतही नाहीत. उष्ण, दमट हवेत अन्नकचऱ्यातला जो भाग कुजणार असतो, त्यातला अर्धा पावणेदोन वर्षांत कुजतो, ३ वर्षांत सुमारे ७० टक्के. गॅस ओढणाऱ्या विहिरी चौथ्या वर्षी खोदल्या, तर बहुतेक मिथेन आधीच हवेत गेलेला असतो. ओला कचरा डेपोवर जाऊच नये असं मी म्हणतो, ते यासाठी. त्याच टनाचं खत केलं तर साधारण ४ किलो मिथेन आणि पाव किलोच्या आसपास नायट्रस ऑक्साइड हा दुसरा हरितगृह वायू निघतो. बचत दाखवताना हे दोन्ही वजा करायलाच हवेत.

आणि ओला कचरा थांबवल्यावर दोन महिन्यांनी डेपोवरचा आकडा तसाच दिसला, तर योजना फसली असं समजू नका. आधी पुरलेला कचरा अजून काही वर्षं कुजतच राहणार आहे.